केपची थरथर आणि आरपार घुसणारी पोटरी

पडद्यावर एखादं पात्र धावतं आणि त्याच्या पाठीवरची लांब केप मागे उडते, तेव्हा प्रेक्षक कापडाकडे मुद्दाम पाहत नाही. त्याची नजर केपवर अडकते ती दोन प्रसंगी. पोटरी कापडातून आरपार बाहेर डोकावली की एकदा, आणि पात्र उभं राहिल्यावरही केपची कड उगाच थरथरत राहिली की दुसऱ्यांदा. ॲनिमेशनच्या क्षेत्रात पहिल्या दोषाला क्लिपिंग म्हणतात, दुसऱ्याला जिटर. नवशिके यांना दोन वेगळे दोष समजतात आणि दोन वेगळे उपाय शोधतात. प्रत्यक्षात हे दोन्ही दोष बहुतेक वेळा एकाच जागी जन्मतात. ती जागा न शोधता वरवर उपाय केला, की एक दोष घालवताना दुसरा वाढतो.

हे नीट कळण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत पाहू. पात्राची उंची 1.8 मीटर. त्याची केप खांद्यापासून पोटरीपर्यंत, म्हणजे 1.2 मीटर लांब. पात्राला एका गेमसाठी धावायचं आहे. धावण्याची एक आवर्तनी, म्हणजे उजवं आणि डावं अशी दोन पावलं, 16 फ्रेमची आहे आणि सेकंदाला 24 फ्रेम दिसतात. काम ब्लेंडरमध्ये करायचं आहे. हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, त्यामुळे हे सगळं कुणालाही घरच्या संगणकावर करून पाहता येईल.

संगणकाला कापड असं काही ठाऊक नसतं. आपण त्याला बिंदूंची एक जाळी देतो. आपल्या केपमध्ये आडवे 30 आणि उभे 40, असे 1200 बिंदू आहेत. शेजारच्या दोन बिंदूंमध्ये एक काल्पनिक स्प्रिंग आहे, जी ताणली की मागे खेचते आणि दाबली की ढकलते. वाकण्यालाही थोडा विरोध असतो. तो कमी ठेवला की रेशीम वाटतं, वाढवला की चामडं. खांद्यावरचे बिंदू शरीराला पक्के टाचलेले असतात आणि बाकीचे मोकळे. दर क्षणी प्रत्येक बिंदूवर गुरुत्वाकर्षण किती, हवेचा अडथळा किती, स्प्रिंगची ओढ किती, हे मोजून तो पुढच्या क्षणी कुठे असेल ते काढायचं, याला क्लॉथ सिम्युलेशन म्हणतात. डेव्हिड बॅराफ आणि अँड्र्यू विट्किन यांनी 1998 मध्ये मांडलेल्या पद्धतीमुळे हे गणित मोठमोठ्या काळ-टप्प्यांतही न फुटता चालू लागलं, आणि संगणकावरचं कापड रोजच्या कामात परवडू लागलं.

सिम्युलेशन प्रत्येक वेळी पहिल्या फ्रेमपासून चालवावं लागतं. पन्नासावी फ्रेम हवी असेल तर आधीच्या एकोणपन्नास मोजाव्याच लागतात, कारण कापड आत्ता कुठे आहे हे ते मघाशी कुठे होतं यावर ठरतं. म्हणून समाधानकारक निकाल मिळाला की तो नोंदवून ठेवतात. या नोंदवण्याला बेक करणं म्हणतात. बेक केल्यावर गणित संपतं, उरते ती फक्त हालचाल. चित्रपटात बहुधा प्रत्येक बिंदूची प्रत्येक फ्रेममधली जागा साठवतात. आपल्या केपसाठी ते फ्रेममागे सुमारे 14,400 बाइट होतील. गेममध्ये एवढा भार प्रत्येक पात्रामागे नको असतो, म्हणून तिथे केपमध्ये हाडांच्या काही साखळ्या घालतात आणि हालचाल त्या हाडांवर उतरवतात. पाच साखळ्या, प्रत्येकीत सात हाडं, अशी 35 हाडं धरली आणि प्रत्येकाचं फक्त वळण साठवलं, तर तेच काम फ्रेममागे 560 बाइटमध्ये भागतं. ही बचत मोठी आहे, पण तिची किंमतही आहे. त्याकडे पुढे वळू.

आता पोटरी आरपार का जाते ते पाहू. धावताना मागे उचललेली पोटरी धडाच्या तुलनेत सेकंदाला 4 मीटर वेगाने जाते असं धरा. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे एका फ्रेममध्ये ती जवळजवळ 17 सेंटिमीटर सरकली. ब्लेंडर एका फ्रेमचे आणखी तुकडे करून मोजतं. या तुकड्यांची संख्या Quality Steps या नावाच्या खान्यात असते आणि ती मुळात 5 ठेवलेली असते. म्हणजे दोन तपासण्यांच्या मध्ये पोटरी 3.3 सेंटिमीटर पुढे गेली. कापड शरीराच्या किती जवळ आलं की टक्कर मानायची, ते अंतर मुळात असतं 1.5 सेंटिमीटर. डोळे मिटून चालणारा माणूस दर दोन पावलांनी क्षणभर डोळे उघडत असेल, तर एका पावलाच्या अंतरावरची भिंत त्याला दिसणारच नाही. पोटरीचं तसंच होतं. एका तपासणीत ती कापडापासून दोन सेंटिमीटर दूर होती, म्हणून टक्कर मानली गेली नाही. पुढच्या तपासणीत कापडाचे काही बिंदू पोटरीच्या सव्वा सेंटिमीटर आत सापडले.

इथेच जिटरचाही जन्म होतो. बिंदू आत सापडला हे लक्षात येताच सॉफ्टवेअर त्याला बाहेर ढकलतं. बिंदू खोल असेल तर धक्का मोठा बसतो. बाहेर फेकलेला बिंदू आपल्या शेजाऱ्यांना स्प्रिंगने ओढतो, शेजारी त्याला परत खेचतात, तो पुन्हा आत जातो आणि पुन्हा फेकला जातो. काही बिंदू सुटतात, काही पलीकडच्या बाजूने बाहेर पडून तिथेच अडकतात. सुटलेल्यांची थरथर दिसते आणि अडकलेल्यांचं क्लिपिंग दिसतं. मूळ एकच: तपासण्या विरळ पडल्या.

म्हणून पहिला उपाय केपच्या कापडात किंवा रंगात नसून या टप्प्यांच्या संख्येत आहे. हिशेब सोपा आहे. एका टप्प्यात शरीराचा सर्वांत वेगवान भाग टक्कर-अंतरापेक्षा कमी सरकला पाहिजे. आपल्या उदाहरणात 17 सेंटिमीटरला 16 ने भागलं की टप्पा सुमारे 1.05 सेंटिमीटरचा होतो, जो 1.5 पेक्षा कमी आहे. म्हणजे Quality Steps 16 करायचे. वेळ साधारण तिप्पट लागेल, तो लागू द्यावा. पुष्कळ जण टप्पे तसेच ठेवून टक्कर-अंतर वाढवतात. त्याने पोटरी आत घुसत नाही हे खरं, पण मग केप पाठीपासून तीन-चार सेंटिमीटर हवेत तरंगते आणि पात्र उभं राहिलं की ते लगेच डोळ्यात भरतं.

टप्पे वाढवूनही थरथर गेली नाही, तर ती नेमकी कोणत्या प्रकारची आहे हे ओळखावं लागतं. माझ्या मते या कामातलं खरं कसब इथेच आहे. अख्ख्या केपकडे पाहून काही कळत नाही. खालच्या कडेचा एक बिंदू निवडावा आणि एकेक फ्रेम पुढे नेत तो कुठे जातो ते पाहावं. तो एका फ्रेमला वर, पुढच्याला खाली, पुन्हा वर, असा सतत नागमोडी जात असेल आणि आसपास शरीर नसेल, तर दोष स्प्रिंगांचा आहे. त्या फार कडक ठेवल्या आहेत आणि मोजणीचे टप्पे त्यांना पुरत नाहीत. ताणाचा आकडा कमी करावा किंवा हालचाल शमवणारा आकडा वाढवावा. थरथर दर आवर्तनीत त्याच पोझला येत असेल, उदाहरणार्थ उजवा हात मागे गेला की दरवेळी, तर दोष टकरीचा आहे. आणि केप चुणीत गोळा झाली की फक्त चुणीत थरथरत असेल, तर कापड स्वतःशीच भांडतं आहे.

हे शेवटचं कारण थोडं समजावून सांगण्यासारखं आहे. कापडाचे दोन पदर एकमेकांतून जाऊ नयेत म्हणून त्यांच्यातही एक किमान अंतर राखलेलं असतं. तेही मुळात दीड सेंटिमीटर असतं. आता आपली केप खांद्याशी 45 सेंटिमीटर रुंद आहे आणि तिथे आडवे 30 बिंदू आहेत. म्हणजे शेजारच्या दोन बिंदूंमध्ये जेमतेम दीड सेंटिमीटर जागा उरते. जरा चुणी पडली की बिंदू त्या मर्यादेच्या आत येतात. टक्करनियम त्यांना दूर ढकलतो, स्प्रिंग जवळ ओढते, आणि दोघांचंही समाधान होईल अशी जागाच नसते. अशा वेळी पदरांमधलं अंतर अर्ध्या सेंटिमीटरवर आणावं, किंवा गळ्याजवळ जाळी विरळ करावी. जाळी दाट केली की कापड चांगलं दिसतं, हा समज इथे उलटतो.

जागाच नसण्याचा सर्वांत अवघड प्रकार काखेत होतो. धावताना हात मागे येतो, कोपर बरगड्यांना घासतो आणि केपची कड मध्ये सापडते. हात कापडाला डावीकडे ढकलतो, धड उजवीकडे. माणसाच्या अंगावर मांस दबतं आणि कापडाला वाट मिळते. संगणकातलं शरीर दबत नाही. उलट ॲनिमेटरने बनवलेल्या पोझमध्ये हात धडाच्या एक-दोन सेंटिमीटर आतच गेलेला असतो, आणि केप येईपर्यंत ते कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. अशा चिमटीत सापडलेल्या कापडाला बरोबर जागा कुठलीही नाही, म्हणून ते दोन्हीकडे झेपावत राहतं. पिक्सारमधल्या बॅराफ, विट्किन आणि मायकल कास यांनी 2003 साली ‘अनटँगलिंग क्लॉथ’ हा शोधनिबंध लिहिला तो याच अडचणीवर. चिमटीत सापडलेल्या बिंदूंना दोन्हीकडून ढकलत बसण्याऐवजी तेवढा वेळ त्यांना शरीराबरोबर चिकटून सरकू द्यावं, आणि एकमेकांत अडकलेले पदर कुठल्या बाजूचे हे ओळखून त्यांना सुटायला मदत करावी, असा त्यांचा मार्ग होता.

आपल्या हातातल्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय नसेल, तर सिम्युलेशनसाठी शरीराची वेगळी, साधी प्रत बनवावी. तिला बोटं नकोत, पट्ट्याचं बक्कल नको, कपड्यांच्या शिवणी नकोत. पाय, धड, डोकं गुळगुळीत आणि सगळीकडून बंद हवेत. मूळ शरीरापेक्षा ही प्रत सेंटिमीटरभर फुगीर ठेवावी. आणि हाताचा जो भाग धडात घुसतो, तो या प्रतीत बारीक करावा किंवा टकरीतून काढूनच टाकावा. केपला जाणवतं ते शरीर प्रेक्षकाला दिसणाऱ्या शरीरासारखंच असलं पाहिजे असं बंधन नाही. केप काखेतून शांतपणे सरकली की प्रेक्षकाला तेवढं पुरतं.

आणखी दोन गोष्टी बेक करण्याआधी पाहायच्या. पात्र सुरुवातीला हात पसरून उभं असतं आणि पहिल्या फ्रेमला एकदम धावण्याच्या पोझमध्ये येतं. त्या एका उडीने केप भिरकावली जाते आणि पुढच्या वीस-तीस फ्रेम डळमळत राहते. म्हणून मोजणी उणे 40 व्या फ्रेमपासून सुरू करावी, पात्राला सावकाश धावण्याच्या पोझमध्ये आणावं आणि केप स्थिरावू द्यावी. दुसरी गोष्ट अशी की गेमसाठीचं पात्र बहुधा जागच्या जागीच धावतं, कारण त्याला पुढे नेण्याचं काम गेम करतो. जागीच धावणाऱ्याची केप मागे उडत नाही. ती लोंबते, पायांत येते आणि दर पावलाला आपटते. क्लिपिंगच्या कितीतरी तक्रारींचं मूळ एवढंच असतं. सिम्युलेशनपुरतं पात्राला खरोखर सेकंदाला 4 मीटर वेगाने पुढे न्यावं आणि नंतर ती पुढे जाण्याची हालचाल वजा करावी. समोरून कृत्रिम वारा सोडण्यापेक्षा हे बरं, कारण वाऱ्याच्या आकड्यावरून केप किती उचलली जाईल याचा नीट अंदाज येत नाही.

एवढं करून सिम्युलेशन स्वच्छ झालं, आणि हालचाल 35 हाडांवर उतरवली, की क्लिपिंग परत येऊ शकतं. ती मघाशी म्हटलेली किंमत. 1200 बिंदूंनी जी वळणं घेतली होती ती 35 हाडांना घेता येत नाहीत. दोन साखळ्यांच्या मधलं कापड दोन्हीकडच्या हाडांच्या सरासरीने चालतं, आणि पोटरी नेमकी त्या मधल्या जागेतून वर येत असेल तर सरासरी तिला ओळखत नाही. शरीराची प्रत सेंटिमीटरभर फुगीर ठेवली ती यासाठीही. ती थोडी ढील इथे कामी येते. हाडांची मांडणीही विचाराने करावी: पाच साखळ्या समान अंतरावर ठेवण्यापेक्षा दोन साखळ्या थेट दोन पोटऱ्यांच्या मागे येतील अशा ठेवल्या, तर अर्धं काम तिथेच होतं.

उतरवण्याची कृती अशी. प्रत्येक हाडाचं टोक केपवरच्या ठरावीक बिंदूंकडे पाहत राहील असं बंधन त्याला घालायचं. मग Bake Action ही आज्ञा द्यायची आणि त्यात Visual Keying वर खूण करायची. बंधनामुळे डोळ्याला दिसणारं वळण त्यामुळे प्रत्येक फ्रेमवर नोंदलं जातं. ती खूण विसरली तर हाडं जागची हलत नाहीत. या टप्प्यावर जिटरचा एक नवा प्रकार भेटतो: केप नीट चाललेली असते आणि मध्येच एखादं हाड गर्रकन फिरतं. हा कापडाचा दोष नाही. वळण अंशांत लिहिलं तर 179 अंशांनंतर उणे 179 येतं. प्रत्यक्षात फरक दोन अंशांचा असतो, पण दोन फ्रेमच्या मधली जागा भरताना सॉफ्टवेअर 358 अंश उलटं फिरतं. हाडांची वळणं क्वाटर्निअन या चार आकड्यांच्या पद्धतीने नोंदवली तर हा अंशांचा घोटाळा टळतो. अंशांतच नोंदवलेली असतील, तर आलेखाच्या खिडकीत यावर खास गाळणी आहे, ती लावावी.

आता त्या मोहाविषयी, ज्याने सर्वांत जास्त केपा बिघडतात. बेक झालेल्या हालचालीचा आलेख समोर असतो, त्यात बारीक दाते दिसतात, आणि शेजारीच ते गुळगुळीत करण्याचं बटण असतं. दाबलं की थरथर जाते. पण गुळगुळीत करणं म्हणजे आजूबाजूच्या फ्रेमची सरासरी घेणं. दहाव्या फ्रेममध्ये केप पोटरीच्या डावीकडे होती आणि बाराव्यात तिला वळसा घालून उजवीकडे आली. दोन्ही जागा शरीराबाहेर आहेत, त्यांची सरासरी मात्र पोटरीच्या बरोबर मध्ये आहे. थरथर घालवली आणि क्लिपिंग ओढवून घेतलं. क्लिपिंग दिसलं म्हणून कुणी एका फ्रेमवर हाड बाहेर ओढतं, आणि तो एका फ्रेमचा झटका म्हणजे पुन्हा जिटर. या चक्रात मी लोकांना संध्याकाळच्या संध्याकाळी घालवताना पाहिलं आहे, आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण मूळ सिम्युलेशनमध्ये टप्पे वाढवायला दोन मिनिटं लागली असती.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. थरथर सिम्युलेशनमध्येच घालवायची. बेक झाल्यावर गुळगुळीत करायचंच असेल तर हलक्या हाताने, आणि जिथे केप शरीरापासून दूर आहे तिथेच. त्यानंतर उरलेलं क्लिपिंग सर्वांत शेवटी हाताने काढायचं. मूळ बेकला हात न लावता तिच्यावर एक वेगळा थर ठेवायचा आणि त्या थरात हाडाला तीन-चार अंश बाहेर वळवायचं. ते वळण दोषाच्या फ्रेमच्या तीन फ्रेम आधी सुरू व्हावं आणि तीन फ्रेम नंतर विरावं. डोळ्याला मग तो दुरुस्तीचा झटका न वाटता कापडाचीच हालचाल वाटते.

शिवाय आवर्तनी जुळली पाहिजे, कारण गेममध्ये त्याच 16 फ्रेम पुन्हापुन्हा चालणार. कापडाला स्वतःची लय असते, ते दर आवर्तनीला तंतोतंत त्याच जागी येत नाही. सहा आवर्तनी मोजाव्यात आणि स्थिरावलेली पाचवी घ्यावी. तिच्या शेवटच्या पाच-सहा फ्रेम हळूहळू चौथ्या आवर्तनीच्या शेवटच्या फ्रेममध्ये मिसळत न्याव्यात. चौथीच्या शेवटानंतर पाचवीची सुरुवात आपोआपच येते, त्यामुळे सांधा कळत नाही. ही मिसळणही सरासरीच आहे, म्हणून तेवढ्या फ्रेम पुन्हा पोटरीजवळून तपासाव्यात.

तपासताना वेग अर्धा करून आणि कॅमेरा खाली, गुडघ्याच्या उंचीवर, मागून आणि बाजूने ठेवून पाहावं. गेम सेकंदाला 60 फ्रेम दाखवत असेल तर नोंदलेल्या दोन फ्रेमच्या मधल्या जागाही तो दाखवतो, आणि काही क्लिपिंग नेमकं त्या मधल्या जागांतच लपलेलं असतं. ते ब्लेंडरमध्ये दिसत नाही, गेममध्येच दिसतं.

बेक केलेल्या केपची एक मर्यादा कोणत्याही युक्तीने ओलांडता येत नाही. ती केप फक्त त्या एका धावण्याची असते. दिग्दर्शकाने नंतर पात्राचा हात जरा बाहेर घेतला, किंवा पाऊल लांब केलं, तर केपला ते कळत नाही आणि तिच्यावरची सगळी हाताची दुरुस्ती वाया जाते. म्हणून केप बेक करायला बसण्याआधी शरीराच्या ॲनिमेशनला अंतिम मंजुरी घ्या, आणि ती तोंडी न घेता लेखी घ्या.